पल्वरायझर हळद दळत नाही, विक्रेता म्हणतो 'वॉरंटीत फक्त पार्ट बदलून मिळतील'. मशीन परत करता येतं का?

हळकुंड_सांगली
नमस्कार. घरगुती मसाल्याचा छोटा उद्योग आहे, मी आणि माझी जाऊ मिळून करतो. आतापर्यंत हळद बाहेरच्या गिरणीतून दळून आणत होतो. यंदा स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं. विक्रेत्याला व्हॉट्सअॅपवर आधीच लिहिलं होतं, मेसेज अजून आहे: "सुक्या हळकुंडाची पावडर करायची आहे, १०० नंबरच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक. घरी सिंगल फेजच आहे. दिवसाला ८० किलो निघायला हवी." त्यांचं उत्तर: "हो ताई, हे तीन एचपीचं मॉडेल घ्या, आरामात होईल."

किंमत ८४,००० ठरली. ६०,००० आधी दिले, उरलेले २४,००० फिटिंगनंतर महिन्याभरात द्यायचे. शिवाय दोन जादा जाळ्या आणि वरच्या हॉपरला स्टीलचं झाकण फुकट देणार होते.

मशीन ३ तारखेला आलं, ६ ला फिटिंग झालं. मेकॅनिकनं दोन किलो मिरची दळून दाखवली, ती छान झाली. मी चलनावर 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सही केली. ७ तारखेला हळकुंड घातलं तर वीस मिनिटांत मोटर तापून ट्रिप. पावडर हाताला रवाळ लागते, चाळणीवर निम्मी राहते. ९ ला मेसेज केला. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, हातोडे बदलले, तरी तेच. आज ३८ दिवस झाले. जाळ्या नाहीत, झाकण नाही. विक्रेता म्हणतो वॉरंटी कार्डाप्रमाणे पार्ट बदलून देऊ, मशीन परत घेणार नाही, बिलावर छापलंय. वर २४,००० साठी रोज फोन.

मशीन परत करता येईल का? आणि ते २४,००० अडवून ठेवले तर मीच चूक ठरेन का?

सजग_ग्राहक
ताई, घाबरू नका. नव्या ग्राहक कायद्यात स्पष्ट आहे, कोणताही माल ३० दिवसांत परत करता येतो आणि दुकानदाराला घ्यावाच लागतो. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापणंच बेकायदा आहे. तुमचे ३८ दिवस झाले म्हणून थोडी अडचण, पण पहिला मेसेज ९ तारखेचा आहे ना, तो धरायचा.

बुलेटवाला_८८
माझं पण असंच झालंय. जुनी बाईक घेतली, पूर्ण पैसे दिले, चार महिन्यांनी फायनान्स कंपनीची माणसं येऊन रस्त्यातून घेऊन गेली. विकणारा म्हणतो इंजिनची वॉरंटी दिली होती, मालकीची नाही!! मला काय मिळेल?

मनोगती
वॉरंटी आणि गॅरंटी यात फरक असतो. गॅरंटीत बदलून मिळतं, वॉरंटीत दुरुस्त करून मिळतं. ताईंच्या कार्डावर वॉरंटी लिहिलंय म्हणजे दुरुस्तीच. विषय संपला.

काळा_कोट
विषय अजून सुरूही झालेला नाही, मनोगती. दुकानाच्या कार्डावरचा 'वॉरंटी' हा शब्द आणि १९३० च्या मालविक्री कायद्यातली 'हमी' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गॅरंटीत बदलून आणि वॉरंटीत दुरुस्त हा काउंटरवरचा समज आहे, त्या कायद्यात तो कुठंच नाही. मी तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात हेच भांडत आलो.

कायदा एकच प्रश्न विचारतो. मोडलेलं वचन सौद्याच्या मुळाशी होतं, की सौद्याला लागून आलेलं बाजूचं होतं? मुळाशी असेल तर ती शर्त. ती मोडली तर घेणाऱ्याला सौदाच मोडता येतो, म्हणजे माल नाकारायचा, दिलेले पैसे मागायचे आणि वर नुकसानही मागायचं. बाजूचं असेल तर ती हमी. ती मोडली तर माल ठेवावा लागतो, फक्त नुकसानभरपाई मिळते. आणि कागदावर त्याला काय नाव दिलंय यानं काही ठरत नाही. कलम १२ मध्ये सरळ लिहिलंय की करारात 'हमी' म्हटलेली गोष्टही शर्त असू शकते.

आता तुमच्या सौद्याकडे बघा, ताई, त्यात दोन्ही आहेत. जाळ्या आणि झाकण न मिळणं ही हमी मोडणं. झाकण नाही म्हणून कुणी ८४ हजारांचं मशीन परत करत नाही, झाकणाची किंमत वळती करतो. पण सिंगल फेजवर हळद बारीक दळणं हीच तर खरेदीची गरज होती. ती तुम्ही आधी लिहून सांगितली, विक्रेता त्याच धंद्यातला, त्याच्या सांगण्यावर विसंबून तुम्ही घेतलं. अशा वेळी माल त्या कामाला लायक असेल ही शर्त कलम १६ आपोआप घालतं, कुणी लिहो न लिहो. तुमच्याकडे तर ती लिहूनही आहे.

सजग_ग्राहक, ३० दिवसांचं तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत. २०१९ च्या कायद्यात *सदोष* माल, बिलावरच्या मुदतीत किंवा बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. 'कोणताही माल' नाही. रंग आवडला नाही म्हणून साडी त्या आधारावर परत करता येत नाही. आणि ते फक्त ग्राहकाला लागू, धंद्यासाठी माल घेणाऱ्याला नाही. ताई ग्राहक ठरतात का, हा पुढचा प्रश्न.

हळकुंड_सांगली
काका, खूप आभार. विक्रेता आता नवीनच म्हणतोय की "तुम्हीच त्या मॉडेलचं नाव सांगून ऑर्डर दिली, बिलावर मॉडेल नंबर आहे, मग लायक आहे की नाही ते तुम्ही बघायचं." असं असतं का?

काळा_कोट
त्याला कुणीतरी वकील भेटलेला दिसतो. कलम १६ मध्ये तसा अपवाद खरंच आहे. ट्रेडनावानं ठरावीक वस्तू मागून घेतली तर कामाला लायक असण्याची शर्त धरली जात नाही. पण तो अपवाद अशा गिऱ्हाइकासाठी, जो दुकानात येऊन म्हणतो, "मला अमुकच द्या, बाकी मला कळतं." तुम्ही गरज सांगितली आणि नाव त्यानं सुचवलं. नंतर बिलावर मॉडेल लिहिलं म्हणून विश्वास तुमचा स्वतःवर होता असं होत नाही.

यावर एक जुना इंग्लिश खटला मी कायम सांगायचो. १९२५ चा, बॉल्ड्री विरुद्ध मार्शल. गिऱ्हाईक म्हणाला, फिरायला आरामशीर गाडी हवी. विक्रेते म्हणाले, बुगाटी घ्या. घेतली, तर ती आरामशीर नव्हतीच. करारात बुगाटीचं नाव होतं आणि दुसरी कुठलीही हमी देत नाही असंही छापलेलं होतं. कोर्ट म्हणालं, नाव असलं तरी भरवसा विक्रेत्यावरच होता. आणि छापलेल्या ओळीनं हमी वगळली, पण हे वचन शर्त होतं, ती कुठं वगळलीय? गिऱ्हाइकाला पैसे मिळाले. आपला कायदा त्याच घराण्यातला आहे, त्यामुळे हा निकाल इथेही वाचून दाखवता येतो.

तुमच्या बिलावरच्या 'माल परत घेतला जाणार नाही' या ओळीबद्दल मात्र सावध राहा. कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्ष ठरवून अशा शर्ती वगळू शकतात. पण ठरवून. बिल सौदा झाल्यावर हातात आलं असेल, तर त्यावर छापलेली ओळ सौद्याचा भाग कशी झाली, हे त्यानं दाखवायचं. बिल कधी मिळालं?

हळकुंड_सांगली
मशीनबरोबरच, ३ तारखेला. पैसे त्याआधी आठवडाभर दिले होते.

काळा_कोट
उत्तम.

वायरमन_कवठे
कायदा मला कळत नाही, पण एक बघा. विक्रेता उद्या कोर्टात म्हणेल व्होल्टेज कमी होतं म्हणून मोटर तापली. सिंगल फेजवर तीन एचपी म्हणजे लोड चांगलाच, आणि आपल्याकडे संध्याकाळी शेतीपंप लागले की लाइन बसते. मशीन रिकामं फिरवून मोजू नका, हळकुंड टाकून चालू असताना मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दुपारी एकदा, रात्री एकदा. मीटरच्या आकड्याचा आणि ट्रिप होण्याचा एकत्र व्हिडिओ करा. २२० च्या आसपास असूनही ट्रिप होत असेल तर ती सबब गेली. आणि हळकुंड वाळलेलं आहे ना? मोडल्यावर कट् असा आवाज यायला हवा. ओलसर असेल तर जाळी चोंदते, मग मशीनला नावं ठेवून उपयोग नाही. दुसरं म्हणजे अख्खं हळकुंड घालता की आधी भरडून?

हळकुंड_सांगली
आधी भरडून, सुपारीच्या खांडाएवढं. वाळलेलं आहे, मार्केट यार्डातलं. व्होल्टेज उद्या मोजते.

अजून एक सांगायचं राहिलं, नंतर अडचण नको म्हणून सांगते. मागच्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या फिटरकडून पुली बदलून बघितली, वेग वाढला तर बारीक होईल म्हणून. आणि शेजारच्या दोघींची मिरची दळून दिली, पैसे घेऊन, साधारण ३० किलो. हळद एकूण १२० किलो दळली असेल, रडत रडत.

काळा_कोट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, ताई. रागावत नाही, पण सगळी केस इथंच फिरते.

शर्त मोडली तरी माल नाकारण्याचा हक्क कायमचा नसतो. एकदा माल 'स्वीकारला' की कलम १३ प्रमाणे मोडलेली शर्त हमीसारखी धरली जाते. मग परत करणं संपलं, उरते फक्त भरपाई. आणि स्वीकार काही सहीनं होत नाही. चलनावरची सही म्हणजे खोकं पोचलं याची पावती. तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकार झाला असं कायदा मानत नाही. दोन किलो मिरचीच्या चाचणीत हळदीचा दोष कळणारच नव्हता.

कलम ४२ प्रमाणे स्वीकार तीन वाटांनी होतो. तुम्ही स्वतः तसं कळवलंत, तर. माल ठेवून वाजवी मुदतीत नाकारलं नाहीत, तर. आणि तिसरी वाट धोक्याची आहे, मशीन विक्रेत्याचंच राहिलंय याच्याशी विसंगत असं काही केलंत, तर. पुली बदलणं आणि दुसऱ्यांची मिरची पैसे घेऊन दळणं या तिसऱ्या वाटेवर जातं. १२० किलो हळद मी चाचणी म्हणून ओढूनताणून मांडू शकतो, कारण तोवर मेकॅनिक येत होता आणि तुम्ही तक्रार करत होतात. मिरचीचे पैसे मला मांडता येणार नाहीत.

गिरणगाव_लॉ
काका, मतभेद नोंदवतो. वकिली नुकतीच सुरू केलीय, चूकभूल द्यावी. पुली बदलली ती मशीन हळद दळतं का हे बघायलाच ना? ती तपासणीच झाली. आणि विक्रेत्याचा माणूस दोनदा दुरुस्त करून गेला. दुरुस्ती करू दिली म्हणजे स्वीकारलं, असं झालं तर प्रामाणिकपणे संधी देणारा गिऱ्हाईकच फसेल.

काळा_कोट
दुरुस्तीचं तुमचं म्हणणं मला पटतं. इंग्लंडनं तर १९९४ मध्ये कायद्यातच घातलं की दुरुस्ती मागितली एवढ्यानं स्वीकार होत नाही. आपल्या कायद्यात ते वाक्य नाही, म्हणून न्यायाधीशाला पटवावं लागतं. पण मेकॅनिक विक्रेत्यानं पाठवला होता. पुलीचा फिटर तुमचा होता, ताई, आणि विक्रेत्याला न विचारता. जुनी पुली ठेवलीय का?

हळकुंड_सांगली
आहे. शेडमध्येच.

काळा_कोट
तशीच ठेवा, परत बसवू नका. बसवताना काही तुटलं तर तेही तुमच्या नावावर येईल.

माझं स्पष्ट मत सांगतो. मशीन नाकारण्याचा दावा लढता येईल, पण निम्मा-निम्मा. भरपाईचा दावा मात्र भक्कम आहे, कारण स्वीकार झाला असं धरलं तरी तो हक्क जात नाही. आणि तुमच्या हातात २४,००० अजून आहेत, हे विसरू नका.

कलम ५९ प्रमाणे हमी मोडली किंवा शर्त हमीसारखी धरावी लागली, तर झालेलं नुकसान किमतीतून वळतं करता येतं. नुकसान उरलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर वरच्या रकमेसाठी दावा करता येतो. तेव्हा पैसे अडवणं ही चूक नाही, फक्त का अडवलेत ते लिहून कळवायला हवं. गप्प राहून अडवलेत तर ती नुसती थकबाकी दिसते.

नुकसान कसं मोजायचं? सांगितल्याप्रमाणे असतं तर मशीनची त्या दिवशी बाजारात जी किंमत असती, त्यातून आहे तशा मशीनची किंमत वजा. हे मशीन मिरची दळतं, म्हणजे शून्य नाही. समजा, आहे तसं कुणी ५०,००० ला घेईल आणि हळद दळणारं ८४,००० चंच असतं. फरक ३४,०००. त्यातले २४,००० अडवलेले वळते झाले, १०,००० त्याच्याकडून येणं. वर झाकण आणि जाळ्यांची किंमत, आणि बाहेर दळून आणलेल्या हळदीची दळणावळ, पावत्या असतील तर. ५०,००० हा माझा अंदाज आहे. खरा आकडा दुसऱ्या मशीनवाल्याकडून लिहून घ्या.

सजग_ग्राहक
पण मग ग्राहक आयोगात जाता येईल की नाही? दिवाणी दाव्यात दहा वर्षं जातील.

गिरणगाव_लॉ
व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात येत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली असेल तर येते. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की यंत्र चालवायला एक-दोघांची मदत घेतली म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असं नाही. ताई, तुमच्याकडे किती जणी कामाला?

हळकुंड_सांगली
आम्ही दोघी जावा. सीझनला पॅकिंगला तिघी येतात, रोजावर.

गिरणगाव_लॉ
पॅकिंगला, मशीनवर नाही. मला तर बसतं असं वाटतं. जिल्हा आयोग, दोन वर्षांच्या आत.

काळा_कोट
मलाही बसेल असं वाटतं, पण समोरचा वकील त्या तिघींवरच बोट ठेवणार. उद्योगाची नोंदणी केलीय का, त्यात कामगार किती दाखवलेत, ते आधी काढून बघा. तिथं हौसेनं 'पाच' लिहिलं असेल तर तेच पुढं येईल.

बुलेटवाला_८८
माझ्या बाईकचं कुणी सांगेल का?

काळा_कोट
सांगतो. तुमच्याकडेही शर्त की हमी हाच प्रश्न आहे. बाईक विकणाऱ्याची नव्हतीच, म्हणजे हायर पर्चेसवर होती आणि मालक फायनान्स कंपनीच होती, तर त्याला विकायचा हक्क नव्हता. तो हक्क असणं ही शर्त. तिथं तर वापरून झाल्यावरही पूर्ण किंमत परत मिळू शकते. १९२३ च्या रोलंड विरुद्ध डिव्हॉल खटल्यात गाडी सुमारे चार महिने वापरून झाली होती, चोरीची निघाली, तरी पूर्ण ३३४ पौंड परत मिळाले. मालकीच मिळाली नाही तर स्वीकारलं काय, असा तर्क. पण बाईक त्याचीच होती आणि वर नुसतं कर्जाचं तारण होतं, जे तुम्हाला सांगितलं नाही, तर ती हमी. मग भरपाई. बाईक पूर्ण गेलीय म्हणजे भरपाई किमतीच्या आसपास जाईल, पण ती सिद्ध करावी लागेल. आरसी बघून सांगा.

हळकुंड_सांगली
व्होल्टेज मोजलं. दुपारी दोनला हळकुंड चालू असताना २२४, अठराव्या मिनिटाला ट्रिप. रात्री आठला १९६, नवव्या मिनिटाला ट्रिप. दोन्हीचे व्हिडिओ आहेत.

वायरमन_कवठे
२२४ चा व्हिडिओ जपून ठेवा. १९६ चा ते मागतीलच. पण नवी पुली बसवून मोजलंत ना? वेग वाढला की मोटरवर लोड वाढतो. ही गोष्ट ते धरणार.

काळा_कोट
वायरमनसाहेब बरोबर बोलले. पुली बदलण्याआधीचा ट्रिप झाल्याचा मेसेज ९ तारखेचा आहे, तो इथं कामी येईल.

आता पत्र. स्पीड पोस्टानं आणि व्हॉट्सअॅपवर, दोन्हीकडे. मजकूर साधा ठेवा: मी कोणत्या कामासाठी मशीन हवं हे अमुक तारखेला कळवलं होतं, ते काम ते करत नाही, म्हणून मी ते नाकारत आहे, ६०,००० परत द्या आणि मशीन घेऊन जा. तुम्ही उचलून पोचवायची गरज नाही, कलम ४३ प्रमाणे नाकारल्याचं कळवलं की पुरे. पुढच्या परिच्छेदात: नाकारण्याचा हक्क उरला नाही असं ठरलं तर नुकसान किमतीतून वळतं करण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे, त्यासाठीच २४,००० थांबवले आहेत. पत्र टाकल्याच्या क्षणापासून मशीनला हात लावायचा नाही. मिरची नाही, शेजारीण नाही. आणि विकून पैसे वसूल करायचा विचार तर अजिबात नको.

हळकुंड_सांगली
पत्र उद्या टाकते. पण काका, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत. मशीन बंद ठेवलं तर मिरचीही बाहेरून दळावी लागेल. नाकारायचं सोडून नुसती भरपाई घेतली आणि मशीन मिरचीला ठेवलं तर?

काळा_कोट
तोही मार्ग आहे, कलम १३ तो तुम्हालाच देतं. शर्त मोडली तरी ती हमी मोडल्यासारखी धरायची निवड गिऱ्हाइकाची. खरं सांगू, तुमच्या मिरचीच्या ३० किलोंचा विचार करता मीही कदाचित तेच केलं असतं. फक्त एकदा पत्रात 'नाकारते' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मिरची दळली, असं होऊ नये. आज रात्री जावेशी बोलून ठरवा, मग पत्र लिहा.

गिरणगाव_लॉ
मी असतो तर नाकारलंच असतं. मिरचीचा मुद्दा काका समजतात तितका जड नाही.

बुलेटवाला_८८
आरसीचा फोटो मिळाला. शेवटी 'हायपोथिकेशन' असं लिहून कंपनीचं नाव आहे.

काळा_कोट
मग तारण. हमीचा मामला. किती पैसे दिले, कसे दिले, ते पुरावे गोळा करा. आणि आरसी बाईक घेण्याआधी पाहिली होती की नाही, ते खरं सांगा.

बुलेटवाला_८८
पाहिली होती. पण ती ओळ वाचली नव्हती.